नातेवाइकाची शामक व वेदनाशामक औषधे वापरणे

डॉक्टरांनी एकाला लिहून दिलेली झोपेची, चिंतेवरची किंवा अफूवर्गीय वेदनाशामक औषधे घरातल्या दुसऱ्याने स्वतःच्या दुखण्यासाठी घेणे. औषध डॉक्टरांनीच दिलेले आणि घरातलेच, म्हणून ते निर्धोक वाटते. पण मात्रा ठरते ती रोग्याला त्या औषधाची किती सवय झाली आहे यावर, आणि ही सवय नात्यातून मिळत नाही.

फेंटानिल या अफूवर्गीय वेदनाशामकाच्या, त्वचेवर चिकटवायच्या पट्टीवरून हे स्पष्ट होते. तासाला २५ मायक्रोग्रॅम औषध सोडणारी पट्टी कर्करोगाच्या रोग्याला दिली जाते, ती बहुधा त्याने आधी किमान आठवडाभर दिवसाला ६० मिलिग्रॅम तोंडावाटे मॉर्फिन किंवा तितकेच दुसरे औषध घेतलेले असेल तरच. तोवर त्याच्या मेंदूतील श्वसनकेंद्र अशा औषधाला सरावलेले असते. समजा, पाठदुखीने हैराण झालेल्या जावयाने सासूबाईंची अशी पट्टी दंडावर लावली. पहिले काही तास फारसे काही जाणवत नाही, कारण औषध आधी त्वचेत साठते आणि मग हळूहळू रक्तात उतरते. गुण येत नाही म्हणून तो दुसरी पट्टी लावतो किंवा गरम पाण्याच्या पिशवीने शेकतो. उष्णतेने शोषण वाढते. रात्री झोप यावी म्हणून घेतलेली डायझेपामची गोळी श्वास आणखी मंदावते. दोन्ही औषधे एकत्र आली की धोका सर्वाधिक असतो.

अशा वेळी घरच्यांना ऐकू येते ते घोरणे, आणि गाढ झोप लागली असे समजून त्याला कोणी उठवत नाही. घोरणे घरघरीसारखे होणे, मिनिटाला मोजकेच श्वास, टाचणीच्या टोकाएवढ्या डोळ्यांच्या बाहुल्या, निळसर ओठ आणि हलवूनही जाग न येणे ही विषबाधेची लक्षणे होत. पट्टी ताबडतोब काढून रुग्णवाहिका बोलवावी लागते. पट्टी काढल्यावरही त्वचेतील साठा झिरपत राहतो. रक्तातील प्रमाण निम्म्यावर यायला साधारण १७ तास किंवा अधिक लागतात. नॅलोक्सोन या उताऱ्याचा परिणाम मात्र सहसा तासा-दीड तासात ओसरतो. म्हणून शुद्धीवर आलेल्यालाही रुग्णालयात देखरेखीखाली ठेवतात. डायझेपामवर नॅलोक्सोनचा काहीच उपयोग होत नाही.

कायद्याच्या दृष्टीने डॉक्टरांची चिठ्ठी ही व्यक्तीला दिलेली परवानगी असते, कुटुंबाला नव्हे. फेंटानिल १९६१ च्या, तर डायझेपाम १९७१ च्या संयुक्त राष्ट्रांच्या करारान्वये नियंत्रित आहे. व्यक्तीला अशी औषधे चिठ्ठीवरच मिळावीत, असा दोन्ही करारांचा सर्वसाधारण नियम आहे. त्यामुळे अनेक देशांत चिठ्ठीविना ती जवळ बाळगणे हा गुन्हा ठरतो. देणाऱ्याचीही सुटका नसते: पैसे न घेता, निव्वळ मायेपोटी दिलेली गोळीही बऱ्याच ठिकाणी बेकायदा पुरवठाच मानली जाते. आजारी माणसासाठी औषध दुकानातून आणून देणे मात्र सामान्यतः यात मोडत नाही.