चिखल्या : पायाच्या बोटांमधील सालपटे आणि त्यांचे निदान

पायाच्या बोटांच्या बेचक्यात कातडी पांढरी पडणे, भिजून फुगल्यासारखी होणे, तिची सालपटे निघणे आणि खाली लालसर, आग होणारी जागा उघडी पडणे, याला चिखल्या म्हणतात. ठाणे आणि नवी मुंबईच्या परिसरात हा त्रास जून ते सप्टेंबरमध्ये सर्वाधिक दिसतो. आवणीच्या वेळी दिवसभर चिखलात उभे राहणारे शेतकरी, मासळी बाजारात ओल्या फरशीवर बसणाऱ्या विक्रेत्या, तुर्भ्याच्या घाऊक भाजी बाजारातले माथाडी कामगार आणि ठाणे-बेलापूर औद्योगिक पट्ट्यात पाळीभर सेफ्टी बूट घालणारे कामगार यांच्यात तो जास्त आढळतो. पावसात भिजलेले बूट घालून लोकलमधून तास-दीड तास प्रवास करणाऱ्यांनाही तो चुकत नाही.

चिखल्या हे लक्षण आहे, निदान नव्हे. तेच पांढरे सालपट बुरशीमुळे निघते, जिवाणूंमुळे निघते आणि इसबामुळेही निघते. तिन्हींचे औषध वेगळे आहे, आणि एकाचे औषध दुसऱ्याला अनेकदा अपाय करते. म्हणून मलम लावण्याआधी कारण ओळखणे हाच या विषयाचा गाभा आहे.

जागा काय सांगते

निदानाचा पहिला धागा म्हणजे सालपट नेमके कुठे निघते. करंगळी आणि तिच्या शेजारचे बोट पायात सर्वांत घट्ट चिकटलेले असते. तिथे हवा पोचत नाही आणि घाम वाळत नाही. बुरशी बहुतेक वेळा याच शेवटच्या बेचक्यात सुरू होते, मग त्याच्या अलीकडच्या बेचक्यात सरकते. बरेचदा ती एकाच पायाला आधी धरते. खाज बूट-मोजे काढल्याबरोबर वाढते. ट्रायकोफायटॉन रुब्रम आणि ट्रायकोफायटॉन इंटरडिजिटेल या दोन बुरशी त्यामागे प्रामुख्याने असतात. कातडीच्या सर्वांत वरच्या, मृत थरातले केराटिन हे त्यांचे अन्न.

इसबाची जागा निराळी असते. बुटातल्या रबराची, चामड्याची किंवा चिकट द्रव्याची ॲलर्जी असेल तर कातडी बुटाला जिथे घासते तिथे बिघडते, म्हणजे बोटांच्या वरच्या बाजूला आणि पावलाच्या पाठीवर. बेचके मात्र बहुधा साफ राहते, आणि दोन्ही पायांवर साधारण सारखाच नमुना दिसतो. याला एक महत्त्वाचा अपवाद आहे, आणि आपल्याकडे तो नेहमी भेटतो. रबरी हवाई चपलेचा पट्टा अंगठा आणि शेजारच्या बोटाच्या मधून जातो. त्यामुळे चपलेच्या ॲलर्जीत नेमक्या पहिल्याच बेचक्यात सालपटे निघतात आणि तिथून पावलावर इंग्रजी 'व्ही'च्या आकाराचा लालसर किंवा काळपट पट्टा उमटतो. फक्त पहिले बेचके बिघडलेले आणि करंगळीकडचे कोरडे, स्वच्छ असेल, तर बुरशीपेक्षा चपलेचा संशय आधी घ्यावा. खात्रीसाठी त्वचारोगतज्ज्ञ पॅच टेस्ट करतात. संशयित रसायनांच्या पट्ट्या पाठीवर ४८ तास ठेवतात, आणि त्या काढल्यानंतर व पुन्हा साधारण चौथ्या दिवशी कातडी पाहतात.

करंगळीच्या बेचक्यात खाज नाही पण दाबल्यावर टोचल्यासारखे दुखते, असे असेल तर ती मऊ झालेली भोवरी असू शकते. दोन बोटांची हाडे एकमेकांवर घासून ती बनते. घामाने भिजून पांढरी झाल्यामुळे ती बुरशीसारखी दिसते, पण बुरशीच्या मलमाने कधीच जात नाही.

कोरडे सालपट ओले का होते

बुरशी आणि जिवाणू हे दोन स्वतंत्र डबे आहेत असे समजण्यात मोठी गफलत आहे. लेडन आणि क्लिगमन या अमेरिकी त्वचारोगतज्ज्ञांनी १९७८ मध्ये दाखवले की अनेक रुग्णांत ही एकाच आजाराची चढती पायरी असते. सुरुवातीला बुरशी एकटी असते. बेचके कोरडे असते, सालपटे बारीक असतात, खाज सौम्य असते. बुरशी कातडीचा वरचा थर खिळखिळा करते. मग पावसाळा येतो किंवा बूट बंद असतात, ओल साचते, आणि कातडीवर आधीपासून असलेले जिवाणू त्या भेगांत वाढू लागतात. आता बेचके ओले, पांढरेफटक होते, दुर्गंधी येते, खाजेची जागा आग आणि ठणका घेतात.

या पायरीवर एक विचित्र गोष्ट घडते. जिवाणू इतके वाढतात की बुरशी मागे हटते आणि तपासणीत सापडेनाशी होते. म्हणून ओल्या, वास येणाऱ्या बेचक्यातला नमुना 'बुरशी नाही' असे सांगत असेल तर त्याचा अर्थ ती कधीच नव्हती असा घेऊ नये. आधी जिवाणू आटोक्यात आणून जागा कोरडी करावी आणि मग पुन्हा नमुना घ्यावा.

जिवाणूंचेही प्रकार ओळखता येतात. स्यूडोमोनास वाढले असतील तर मोज्यावर किंवा कातडीवर हिरवट छटा येते आणि गोडसर, कुजका वास येतो. पाऊल सुजते, चालताना दुखते. दुसरा प्रकार अगदी शांत असतो. कोरिनेबॅक्टेरियम मिन्युटिसिमम या जिवाणूने बेचक्यात तपकिरी-लालसर, किंचित खवले असलेला डाग पडतो किंवा नुसतीच पांढरी सालपटे निघतात. खाज जवळजवळ नसते, म्हणून माणूस वर्षानुवर्षे त्याकडे पाहत नाही. या आजाराला एरिथ्राझ्मा म्हणतात. क्लोट्रिमॅझोलसारखी बुरशीची काही औषधे या जिवाणूवरही चालतात, त्यामुळे 'बुरशीच्या मलमाने बरे वाटले' हा बुरशीचा पुरावा ठरत नाही.

दोन साध्या तपासण्या

केओएच तपासणी स्वस्त आहे, काही मिनिटांत होते आणि बहुतेक गोंधळ मिटवते. सालपटाच्या कडेवरून, जिथे निरोगी आणि बिघडलेली कातडी भेटते तिथून, बोथट पात्याने खरवड घेतात. काचपट्टीवर तिच्यावर १० ते २० टक्के पोटॅशियम हायड्रॉक्साइडचा थेंब टाकून १० ते २० मिनिटे थांबतात. कातडीच्या पेशी विरघळून पारदर्शक होतात आणि बुरशीचे आडव्या भिंतींचे, फांद्या फुटलेले धागे सूक्ष्मदर्शकाखाली उठून दिसतात. चूक दोन्ही बाजूंनी होऊ शकते. पेशींच्या कडांचे जाळे नवख्या डोळ्याला बुरशीसारखे वाटते. उलट, आधीच बुरशीचे मलम लावले असेल तर खरी बुरशीही दिसत नाही. म्हणून तपासणीआधी आठवडाभर तरी मलम बंद ठेवायला सांगतात.

दुसरी तपासणी वुड्स दिव्याची. अंधाऱ्या खोलीत या अतिनील दिव्याखाली एरिथ्राझ्माची जागा पोवळ्यासारखी लाल चमकते, कारण तो जिवाणू पॉर्फिरिन नावाचे रंगद्रव्य तयार करतो. स्यूडोमोनास हिरवट चमकू शकतो, पायाची बुरशी मात्र चमकत नाही. पॉर्फिरिन पाण्यात विरघळते. दवाखान्यात जाण्याआधी पाय खसखसून धुतले तर चमक नाहीशी होते आणि निदान हुकते. स्वच्छ होऊन डॉक्टरांसमोर जाण्याची आपली सवय इथे आड येते, म्हणून त्या दिवशी पाय न धुता गेलेले बरे.

एक उदाहरण

समजा, रबाळ्याच्या कारखान्यात काम करणाऱ्या माणसाच्या उजव्या पायाच्या शेवटच्या बेचक्यात मे महिन्यात सालपटे निघू लागली. औषधांच्या दुकानातून त्याने एक ट्यूब घेतली. तिच्यात बुरशीचे औषध, प्रतिजैविक आणि तीव्र स्टिरॉइड तिन्ही एकत्र होते. दोन दिवसांत खाज थांबली, कारण स्टिरॉइड दाह दाबते. ट्यूब सोडल्यावर खाज परतली, म्हणून त्याने ती पुन्हा सुरू केली. दरम्यान बुरशी वाढत राहिली. जुलैमध्ये बेचके ओले झाले, वास येऊ लागला, तळव्याच्या कडेला खवले पसरले आणि जांघेतही एक गोल चट्टा उठला.

अशा रुग्णात क्रम असा असतो. स्टिरॉइडची ट्यूब पहिल्यांदा बंद करतात. ती बंद केल्यावर काही दिवस लाली आणि खाज वाढल्यासारखी वाटते, हे त्याला आधीच सांगावे लागते, नाहीतर तो पुन्हा ट्यूबकडे वळतो. ओली जागा सुकवण्यासाठी फिक्या गुलाबी पोटॅशियम परमँगनेटच्या पाण्यात १० ते १५ मिनिटे पाय बुडवायला सांगतात. पाणी जांभळे झाले तर कातडी भाजते आणि न विरघळलेला कण चिकटला तर जखम होते, म्हणून फिका रंग महत्त्वाचा. हिरवट छटा असेल तर पांढरे व्हिनेगर एक भाग आणि पाणी चार भाग असे मिश्रण वापरतात. गरजेनुसार जिवाणूंचे औषध दिले जाते. जागा कोरडी झाल्यावर खरवड घेतली असता धागे दिसले, तर बुरशीचे औषध सुरू होते. नुसत्या बेचक्यासाठी ल्युलिकोनॅझोल १ टक्का मलम दिवसातून एकदा दोन आठवडे, किंवा क्लोट्रिमॅझोल १ टक्का दिवसातून दोनदा चार आठवडे, अशी सर्वसाधारण मुदत असते. खाज पहिल्या आठवड्यातच थांबते, पण बुरशी तेव्हा गेलेली नसते. तळवा आणि जांघ दोन्हीकडे पसरलेल्या या माणसाला बहुधा पोटात घेण्याची गोळीही लागेल, आणि ती डॉक्टरांनीच ठरवायची.

भारतात २०१८ मध्ये केंद्र सरकारने त्वचेवर लावायची १४ स्टिरॉइडे 'शेड्यूल एच' यादीत आणली, म्हणजे चिठ्ठीशिवाय ती विकता येत नाहीत. तरी त्रिकूट मलमे सहज मिळतात, आणि देशात नायटा इतका चिवट होण्यामागे हे एक मोठे कारण मानले जाते. टर्बिनाफिन या बुरशीच्या औषधाला दाद न देणारी ट्रायकोफायटॉन इंडोटिनी ही बुरशी मुख्यतः जांघेत आणि अंगावर आढळते. जांघेचा चट्टा हटत नसेल तर तिचा विचार करतात.

इसबाचे निदान पक्के असेल तिथे स्टिरॉइड मलम हेच योग्य औषध आहे, आणि जोडीला चप्पल-बूट बदलणे. औषध वाईट नाही, ते बुरशीवर लावणे वाईट. पायाच्या बुरशीची प्रतिक्रिया म्हणून हाताच्या बोटांच्या कडांवर बारीक, खाजरे पाण्याचे फोड येतात तेव्हा हा फरक विशेष जपावा लागतो. त्या फोडांत बुरशी नसते, पायावरची बरी झाली की ते जातात. उलट, दोन्ही पाय आणि एकच तळहात कोरडा, खवलेदार असेल तर हातावरही बुरशीच असते.

पुन्हा होणे आणि थांबायचे नाही अशी वेळ

चिखल्या दर पावसाळ्यात परतत असतील तर नखे पाहावीत. जाड, पिवळट, ठिसूळ झालेल्या नखात बुरशी दडून राहते आणि बेचक्यात पुन्हा उतरते. नखाला मलम पुरत नाही. कपडे घालताना मोजे आधी आणि चड्डी नंतर घातली तर पायाची बुरशी जांघेत पोचत नाही.

मधुमेह असणाऱ्यांना संवेदना कमी झाल्यामुळे ना खाज जाणवते ना ठणका, म्हणून त्यांचे बेचके रोज डोळ्यांनी पाहावे लागते. उघड्या भेगेतून स्ट्रेप्टोकोकस हा जिवाणू आत गेला तर घोट्यापासून वर सरकणारी गरम, दुखरी लाली येते, जांघेत अवधाण येते, थंडी वाजून ताप भरतो. हा सेल्युलायटिस आहे, आणि त्याच दिवशी रुग्णालय गाठावे. साचलेल्या पाण्यातून चालताना अशाच भेगांतून लेप्टोस्पायरोसिसचा जिवाणू लेप्टोस्पायरा शिरू शकतो. त्यामुळे चिखल्या असताना तुंबलेल्या पाण्यातून गेलेल्या माणसाने ७२ तासांच्या आत डॉक्टरांना प्रतिबंधक डॉक्सिसायक्लीनविषयी विचारावे.