पीडीएफमधील व्हेक्टर आलेखाचे बिंदुवाचन

पीडीएफ दस्तऐवजात व्हेक्टर स्वरूपात असलेल्या आलेखातून मूळ आकडे परत मिळवण्याची पद्धत. शोधनिबंधात आकृती छापलेली असते पण तिच्यामागचा तक्ता दिलेला नसतो, तेव्हा तिचा उपयोग होतो. आकृतीच्या चित्रावर क्लिक करत बिंदू टिपण्याच्या पद्धतीहून ही वेगळी आहे; येथे फाइलमध्येच लिहिलेले सहनिर्देशक वाचले जातात.

या पद्धतीचा उगम काही जण पोस्टस्क्रिप्ट भाषेपर्यंत, म्हणजे साधारण १९८४ पर्यंत, मागे नेतात. पानाचे वर्णन रेखाटनाच्या आज्ञांनी करण्याची कल्पना तिथलीच, हे खरे. मात्र पोस्टस्क्रिप्ट ही पूर्ण प्रोग्रॅमिंग भाषा असल्याने बिंदूची जागा छपाईच्या वेळी गणित करून ठरू शकते. १९९३ मध्ये आलेल्या पीडीएफमधून चल आणि आवर्तने वगळली गेली व पानावर तयार आकडेच उरले. त्यामुळे आजच्या अर्थाने ही पद्धत पीडीएफपासून मोजणे अधिक सयुक्तिक वाटते.

आकृती खरोखर व्हेक्टर आहे का, हे आधी पाहावे लागते. खूप मोठी केल्यावर कडा चौकोनी दिसू लागल्या, किंवा `pdfimages -list` या आज्ञेच्या यादीत तीच आकृती आढळली, तर ती चित्र आहे आणि ही पद्धत लागू पडत नाही. व्हेक्टर असेल तर पानाचा आज्ञाप्रवाह बहुधा दाबून ठेवलेला असतो. तो असा उलगडतात:

```
qpdf --qdf --object-streams=disable a.pdf b.pdf
```

उलगडलेल्या मजकुरात बिंदू कशा रूपात सापडेल, हे आलेख कोणत्या साधनाने काढला यावर ठरते. मॅटप्लॉटलिबच्या `plot` आज्ञेने काढलेल्या खुणांमध्ये खुणेचा आकार एकदाच साठवतात आणि प्रत्येक बिंदूला तो हलवून पुन्हा काढतात:

```
q
1 0 0 1 97.2 133.92 cm
/M0 Do
1 0 0 1 21.6 42.12 cm
/M0 Do
Q
```

यातली मेख अशी की `cm` ही आज्ञा आधीच्या स्थानात भर घालते. दुसऱ्या बिंदूची उंची ४२.१२ नसून १३३.९२ + ४२.१२ = १७६.०४ आहे. समजा, याच आकृतीत उभ्या अक्षावरची शून्याची खूण ५४ वर आणि १०० ची खूण २७० वर आहे. म्हणजे एका एककाला २.१६ पॉइंट (पॉइंट म्हणजे इंचाचा ७२ वा भाग). मग पहिला बिंदू (१३३.९२ − ५४) ÷ २.१६ = ३७ आणि दुसरा ५६.५ येतो. बेरीज विसरल्यास दुसऱ्याची किंमत उणे ५.५ निघते, म्हणजे अक्षाच्या खाली. आकृतीत तिथे काहीच नसते, त्यावरून चूक लगेच पकडता येते. आडव्या अक्षाचेही असेच करायचे. अक्षावरच्या आकड्यांच्या मजकुराची जागा मात्र प्रमाण धरू नये, खुणेच्या रेघेचीच धरावी, कारण मजकूर मध्यावर आणण्यासाठी सरकवलेला असतो.

अक्ष लॉगरिथमी असेल तर हेच गणित घातांकांवर करतात. १० ची खूण ५४ वर, १००० ची २५४ वर आणि बिंदू १८४ वर असेल, तर घातांक १ + २ × १३०/२०० = २.३, म्हणजे किंमत सुमारे १९९.५.

आर भाषेच्या जुन्या आवृत्त्यांनी काढलेल्या पीडीएफमध्ये आणखी एक अडचण येते. तेथे वर्तुळाकार बिंदू हे वर्तुळ नसून झॅफ डिंगबॅट्स या फॉन्टमधले `l` हे अक्षर असते. अशा आकृतीत केवळ रेषा शोधणारी साधने, उदा. पायमूपीडीएफमधील `page.get_drawings()`, बिंदूंविना रिकामा आलेख देतात. इतर ठिकाणी हे साधन सोयीचे, कारण सगळे `cm` ते स्वतःच जमा करते. मात्र ते उंची पानाच्या वरच्या कडेपासून मोजते, तर मूळ पीडीएफमध्ये ती सर्वसाधारणपणे खालून मोजलेली असते. उलटा आलेख मिळाला तर कारण बहुधा हेच. साधन कोणतेही वापरले तरी उलगडलेला मजकूर एकदा डोळ्यांखालून घालणे चांगले.

एकमेकांवर चढलेले बिंदूही या पद्धतीत सुटे मिळतात, हा चित्रावरून टिपण्यापेक्षा मोठा फायदा. अचूकतेची मर्यादा दशांश स्थळांवर ठरते: वरच्या उदाहरणात दोन स्थळांपर्यंतच्या पूर्णांकनाने बेरजेतल्या एकेका आकड्यामागे किमतीत फार तर ०.००२३ एककांची चूक शिरते.

बिंदूंऐवजी नुसती रेघ असेल तेव्हा अधिक सावध राहावे लागते. मॅटप्लॉटलिब लांब रेघेतले जवळजवळ सरळ येणारे मधले बिंदू गाळते. रोजच्या नोंदींच्या आलेखात दिवसांपेक्षा कोपरे कमी निघाले, तर गाळलेल्या दिवसांच्या किमती त्या फाइलमध्ये नाहीत. दोन कोपऱ्यांमधून काढलेली किंमत ही मोजलेली नोंद नव्हे आणि तक्त्यात ती तशी दाखवू नये.