नारळ पडला आणि नारळ पाडला : ‘काय?’ या प्रश्नाआधीचा प्रश्न

माझा भाचा फोंड्याजवळच्या एका मराठी शाळेत शिकतो. गेल्या आठवड्यात तो व्याकरणाची तपासलेली उत्तरपत्रिका घेऊन माझ्याकडे आला. ‘माडावरून नारळ पडला’ या वाक्यातले क्रियापद सकर्मक की अकर्मक, असा प्रश्न होता. त्याने ‘सकर्मक’ असे लिहिले होते आणि त्यावर लाल फुली होती. का चुकले, ते मात्र कोठेही लिहिलेले नव्हते. तो म्हणाला, “मामा, क्रियापदाला ‘काय’ असे विचारायचे आणि उत्तर आले तर सकर्मक, असेच आम्हांला शिकवले आहे. काय पडला? नारळ. उत्तर तर आले!” मुलाचे तर्कशास्त्र निर्दोष होते. दोष त्याला दिलेल्या कसोटीत होता, आणि ही अर्धवट कसोटी इतकी सर्वत्र पसरली आहे की तिचा उरलेला अर्धा भाग नीट मांडणे मला आवश्यक वाटते.

‘काय?’ हा प्रश्न आंधळा आहे. निर्जीव वस्तूविषयी आपण ‘काय’ असे विचारतो. ती वस्तू वाक्यात कर्ता आहे की कर्म, हे त्या प्रश्नाला कळत नाही. ‘मुलगा पडला’ असे वाक्य असते तर भाच्याने ‘कोण पडला?’ असे विचारले असते, ‘काय’ला उत्तर मिळाले नसते आणि त्याचे उत्तर योगायोगाने बरोबर आले असते. मुलाच्या जागी नारळ आला की कसोटी कोसळते. म्हणून ‘काय?’ विचारण्यापूर्वी कर्ता शोधून बाजूला काढावा लागतो. त्यासाठी धातूला ‘-णारा’ हा प्रत्यय लावून प्रश्न विचारावा : पडणारा कोण, किंवा पडणारी वस्तू कोणती? उत्तर : नारळ. म्हणजे नारळ हा कर्ता झाला. आता कर्त्याला धरूनच दुसरा प्रश्न करावा : नारळाने पडण्याची क्रिया कशावर केली? येथे उत्तर मिळत नाही. क्रिया नारळापासून सुरू होते आणि नारळापाशीच संपते. क्रियापद अकर्मक.

आता घरामागच्या भाटात, म्हणजे माडांच्या बागेत, माडावर चढून नारळ उतरवणारा पाडेली आला आहे, अशी कल्पना करावी. ‘पाडेल्याने नारळ पाडला.’ पाडणारा कोण? पाडेली. पाडेल्याने काय पाडले? नारळ. या वेळी ‘काय’चे उत्तर कर्त्याहून वेगळे आले, म्हणून क्रियापद सकर्मक. जमिनीवर येऊन आदळणारा नारळ दोन्ही वेळा तोच आहे, पण पहिल्या वाक्यात तो कर्ता आहे आणि दुसऱ्यात कर्म. पडणे-पाडणे, मरणे-मारणे, गळणे-गाळणे, तुटणे-तोडणे, फुटणे-फोडणे अशा जोड्या मराठीत पुष्कळ आहेत, आणि प्रत्येक जोडीत पहिल्याचा कर्ता तो दुसऱ्याचे कर्म होतो.

‘कोणाला?’ या प्रश्नाचीही गत तीच आहे. ‘मला सोलकढी आवडते’ या वाक्यात ‘कोणाला आवडते?’ असे विचारले की ‘मला’ हे उत्तर येते आणि विद्यार्थी त्यालाच कर्म ठरवून मोकळे होतात. आधी ‘-णारा’ने विचारावे : आवडणारी गोष्ट कोणती? सोलकढी. ती कर्ता आहे. ‘मला’ हे कर्म नाही. क्रियापद अकर्मक आहे. ‘मला भूक लागली’ याचेही तसेच : लागणारी गोष्ट भूक.

येथपर्यंतचा भाग व्याकरणाच्या तासापुरता झाला. मला ज्या गोष्टीचे खरे आकर्षण आहे, ती पुढे आहे. सकर्मक आणि अकर्मक हा भेद पुस्तकातल्या व्याख्येपुरता नाही. भूतकाळात बोलताना आपली जीभ तो दर वाक्याला पाळत असते. वर्तमानकाळात ‘नारळ पडतो’ आणि ‘पाडेली नारळ पाडतो’ या दोन्ही वाक्यांतले कर्ते सारखेच साधे आहेत. भूतकाळात येताच अकर्मकाचा कर्ता तसाच राहतो (‘पाडेली पडला’), पण सकर्मकाच्या कर्त्याला ‘ने’ चिकटतो आणि क्रियापद कर्त्याला सोडून कर्माच्या मागे जाते : पाडेल्याने नारळ पाडला, झावळी पाडली, शहाळे पाडले. पाडेली पुरुष आहे, पण क्रियापद कधी स्त्रीलिंगी तर कधी नपुंसकलिंगी होत आहे, कारण त्याची नजर कर्मावर आहे. यालाच आपण कर्मणी प्रयोग म्हणतो.

असे का व्हावे, याचे उत्तर ‘-लेला’ या रूपात दडलेले आहे. ‘पडलेला नारळ’ म्हणजे जो पडला तो नारळ. येथे विशेषण कर्त्याचे आहे. ‘खाल्लेला आंबा’ म्हणजे ज्याने खाल्ले तो नव्हे, जो खाल्ला गेला तो. येथे विशेषण कर्माचे आहे. ‘खाल्लेला मुलगा’ असे म्हटले तर कोणी वाघाने मुलगा खाल्ला, असा भयंकर अर्थ होईल. अकर्मक धातूचे ‘ल’ असलेले रूप कर्त्याचे वर्णन करते आणि सकर्मक धातूचे रूप कर्माचे. हा नियम मराठीहून खूप जुना आहे. संस्कृतात ‘रामः गतः’ म्हणजे राम गेलेला, पण ‘रामेण आम्रं खादितम्’ म्हणजे रामाकडून आंबा खाल्लेला. ‘गत’ आणि ‘खादित’ यांतला ‘त’ म्हणजे ‘क्त’ प्रत्यय. तो एरवी कर्माकडे बोट दाखवतो, पण गत्यर्थक, अकर्मक आणि आणखी काही मोजक्या धातूंना लागला की कर्त्याकडेही दाखवू शकतो, हे पाणिनीने अष्टाध्यायीच्या ३.४.७२ या सूत्रात नोंदवून ठेवले आहे. पुढे प्राकृतात या रूपांना ‘-इल्ल’ प्रत्यय जोडला जाऊ लागला आणि त्यातून आपल्या भूतकाळाचा ‘ल’ आला, असे भाषाशास्त्रज्ञ मानतात. म्हणजे ‘पाडेल्याने नारळ पाडला’ या वाक्याचा गाभा ‘पाडेल्याकडून नारळ पाडलेला’ असा आहे. विशेषण नारळाचे असल्यामुळे ते नारळाचे लिंग घेणार, आणि पाडेली केवळ ‘ज्याच्याकडून’ या नात्याने वाक्यात राहणार. वर्तमानकाळातला ‘त’ मात्र संस्कृतातल्या ‘गच्छन्’, ‘खादन्’ या घराण्यातला आहे, ज्यात विशेषण नेहमी करणाऱ्याचेच असते. म्हणून तेथे हा भेद दिसत नाही.

‘मी’ आणि ‘तू’ यांना आज ‘ने’ लागत नाही, त्यामुळे ‘मी पडलो’ आणि ‘मी आंबा खाल्ला’ यांतला ‘मी’ सारखाच दिसतो. पूर्वी तसे नव्हते. संतांच्या काव्यात ‘म्यां केले’, ‘त्वां केले’ अशी निराळी रूपे आढळतात. गोव्यातल्या वाचकाला तर जुन्या पोथ्यांपर्यंत जाण्याचीही गरज नाही, कारण कोकणीने हा भेद जिवंत ठेवला आहे : ‘हांव पडलों’, पण ‘हांवें आंबो खालो’. घरात आणि बाजारात दोन्ही भाषा ऐकत वाढलेल्या मुलाला एखाद्या क्रियापदाविषयी शंका आली, तर त्याने ते वाक्य कोकणीत म्हणून पाहावे आणि तोंडात ‘हांव’ येते की ‘हांवें’, ते ऐकावे. निव्वळ मराठीत पडताळा घ्यायचा असेल तर तेच वाक्य एका पुरुषाने आणि एका स्त्रीने ‘मी’ लावून म्हणावे. ‘मी पडलो’ आणि ‘मी पडले’ असा बदल झाला तर अकर्मक. ‘मी कैरी खाल्ली’ हे दोघांच्याही तोंडी तसेच राहिले तर सकर्मक.

येथे थोडे विषयांतर करतो. अशी रचना दिसली की ‘आपली भाषा जगातली सर्वांत वैज्ञानिक’ आणि ‘संस्कृत ही संगणकासाठी सर्वोत्तम भाषा असल्याचे नासाने जाहीर केले’ असे संदेश फिरू लागतात. नासाने असे काहीही जाहीर केलेले नाही. १९८५ मध्ये एका संशोधकाचा एक लेख आला होता, त्याची ही फुगवून केलेली कथा आहे. सकर्मकाच्या कर्त्याला वेगळी खूण लावण्याची पद्धत हिंदीत आहे, तशी युरोपातल्या बास्क भाषेत आणि कॉकेशसमधल्या जॉर्जियन भाषेतही आहे, आणि या दोन्हींचा संस्कृतशी काही संबंध नाही.

भूतकाळाच्या या कसोटीला मर्यादा आहेत आणि त्या लपवू नयेत. काही क्रियापदांना कर्म असूनही कर्त्याला ‘ने’ लागत नाही : तो पोर्तुगीज शिकला, ती साडी नेसली, मी छत्री विसरलो, तो खोटे बोलला. ‘-णारा’ आणि ‘काय’ या प्रश्नांनी ही सकर्मक ठरतात, पण भूतकाळात ती अकर्मकांसारखी वागतात. यांतल्या शिकणे आणि नेसणे यांची ‘-लेला’ रूपे मला फार बोलकी वाटतात. ‘शिकलेला माणूस’, ‘नेसलेली बाई’ या रूपांत विशेषण कर्त्याचे आहे, कारण शिकण्याचा आणि नेसण्याचा परिणाम करणाऱ्याच्याच अंगावर राहतो. काही ठिकाणी तर भाषेचा निर्णय अजून झालेला दिसत नाही : ‘गोव्याचा संघ सामना जिंकला’ आणि ‘गोव्याच्या संघाने सामना जिंकला’ ही दोन्ही वाक्ये चालतात.

दुसरी अडचण खुद्द ‘ने’ची आहे. ‘वाऱ्याने नारळ पडला’ या वाक्यात ‘ने’ आहे, पण पडणारा वारा नाही, नारळ आहे. वारा केवळ कारण आहे आणि क्रियापद अकर्मकच आहे. ‘वाऱ्याने नारळ पाडला’ असे म्हणताच तोच वारा कर्ता होतो. शिवाय ‘त्याने घरी जावे’ अशा विध्यर्थी वाक्यात अकर्मकालाही ‘ने’ लागतो, म्हणून ही कसोटी साध्या भूतकाळापुरतीच वापरावी.

शेवटी, सकर्मकत्व हा धातूवर कायमचा मारलेला शिक्का नाही. ते वाक्यात ठरते. ‘आईने दार उघडले’ यात उघडणारी आई आणि कर्म दार. ‘दार उघडले’ यात उघडणारे दारच. भाच्याला मी एक वाक्य सोडवायला दिले आहे. एखादी स्त्री म्हणते, ‘मी वाचले.’ तिने काही वाचून काढले असेल, तर क्रियापद सकर्मक आहे आणि त्याचे नपुंसकलिंग न उच्चारलेल्या कर्माचे आहे. ती अपघातातून वाचली असेल, तर क्रियापद अकर्मक आहे आणि ते रूप तिचे स्वतःचे, स्त्रीलिंगी आहे. तिच्या जागी पुरुष उभा केला, की पहिल्या अर्थी ‘मी वाचले’ आणि दुसऱ्या अर्थी ‘मी वाचलो’ अशी दोन रूपे वेगळी होतात.