तीन सामन्यांवरून संघाची ताकद

एखादा चाहता म्हणतो: «तीन सामन्यांत सात गोल केले, एकच खाल्ला. म्हणजे संघ सामन्याला दोन गोलांनी सरस. आकडे खोटं बोलत नाहीत.»

प्रीमियर लीगमध्ये ही गती 38 सामने टिकली तर गोलफरक +76 होईल. 2017-18 मध्ये 100 गुण मिळवणाऱ्या मँचेस्टर सिटीचा +79 होता! इतक्या कमी सामन्यांत नशिबाचा वाटा मोठा असतो. म्हणून सामन्यामागच्या सरासरी गोलफरकाला n/(n+k) ने गुणा. n म्हणजे खेळलेले सामने. k म्हणजे एका सामन्यातल्या नशिबाचं विचरण भागिले संघांमधल्या खऱ्या फरकाचं विचरण. इथे साधारण 6. तीन सामन्यांना वजन 3/9, अंदाज सामन्याला +0.67. बारा सामन्यांनंतर वजन 12/18, तेव्हा आकड्यांवर बराच भरवसा ठेवता येतो.

मात्र नुकत्याच बढती मिळालेल्या संघाला शून्याकडे, म्हणजे लीगच्या सरासरीकडे ओढू नका. असे संघ बहुधा त्याखालीच असतात. त्यांना आधीच्या बढती मिळालेल्या संघांच्या सरासरीकडे ओढा.