कास्ता चित्रे

स्पेनच्या ताब्यातील मेक्सिकोत, म्हणजे तेव्हाच्या ‘नवीन स्पेन’मध्ये, अठराव्या शतकात रंगवलेल्या कुटुंबचित्रांच्या मालिका. स्पॅनिशमध्ये ‘कास्ता’ म्हणजे वंश किंवा कूळ. प्रत्येक चित्रात वेगवेगळ्या वंशांचे आई-बाप आणि त्यांचे मूल दिसते, आणि त्या मुलाला काय म्हणायचे ते चित्रावरच लिहिलेले असते : ‘एस्पान्योल आणि इंदिया यांच्यापासून मेस्तिसो’, म्हणजे स्पॅनिश पुरुष आणि मूळ अमेरिकन स्त्री यांचे मिश्र मूल. मालिका सहसा सोळा चित्रांची असते. कधी सोळाही कुटुंबे एकाच कॅनव्हासवर चौकटी पाडून बसवलेली असतात. या प्रकाराची सुरुवात 1711 च्या सुमारास झाली आणि शतक संपता संपता तो विरून गेला. त्या काळात शंभराच्या आसपास मालिका तयार झाल्या. जवळजवळ सगळ्या मेक्सिकोतल्या आहेत. पेरूमधली एकच मोठी मालिका माहीत आहे. ती व्हाइसरॉय आमात याने 1770 मध्ये स्पेनच्या राजपुत्राच्या निसर्गसंग्रहासाठी पाठवली होती. माणसांची कुटुंबे कोणत्या वस्तूंच्या शेजारी मांडण्यासाठी रवाना झाली, ते यावरून कळते.

या मालिका समजून घ्यायच्या तर मीगेल काब्रेरा या चित्रकाराची 1763 ची मालिका क्रमाने पाहावी. पहिल्या चित्रात स्पॅनिश पुरुष, इंडियन (मूळ अमेरिकन) स्त्री आणि त्यांची मुलगी मेस्तिसा आहे. मागे कापडाचे दुकान आहे आणि स्त्रीच्या अंगावर भरजरी वस्त्रे आहेत. दुसऱ्या चित्रात स्पॅनिश पुरुष आणि मेस्तिसा यांचे मूल कास्तिसा आहे. तिसऱ्यात कास्तिसा आणि स्पॅनिश पुरुष यांचे मूल पुन्हा ‘एस्पान्योल’ ठरते. इंडियन रक्ताचा डाग तीन पिढ्यांत धुऊन निघतो, असे हे गणित सांगते.

चौथ्या चित्रापासून गणित बदलते. स्पॅनिश पुरुष आणि आफ्रिकी स्त्री यांचे मूल मुलाता, मुलाता आणि स्पॅनिश पुरुष यांचे मोरिस्का, मोरिस्का आणि स्पॅनिश पुरुष यांचे अल्बिना. वडील दर वेळी स्पॅनिशच आहेत आणि वर्ण उजळत गेला आहे. पहिल्या तीन चित्रांच्या नियमाने पाहिले तर आता मूल ‘एस्पान्योल’ व्हायला हवे. पण सातव्या चित्रात अल्बिना आणि स्पॅनिश पुरुष यांच्या मुलाचे नाव येते ‘तोर्ना आत्रास’, म्हणजे ‘मागे फिरलेला’. गोऱ्या दिसणाऱ्या आई-बापांच्या पोटी सावळे मूल जन्मते आणि खापरपणजीचा वंश उघडा पडतो. आठव्यात ‘तेन्ते एन एल आइरे’ म्हणजे ‘हवेत अधांतरी राहा’. इतर काही मालिकांत ‘नो ते एन्तिएन्दो’, म्हणजे ‘मला तू कळत नाहीस’, हेही नाव भेटते. पुढे लोबो म्हणजे लांडगा आणि कोयोते म्हणजे कोल्ह्यासारखा रानटी प्राणी. इंडियन वंशासाठी शिडीला वरची पायरी आहे, आफ्रिकी वंशासाठी ती कधीच येत नाही. संपूर्ण मालिकेचा खरा आशय हाच आहे, आणि तो कुठेही शब्दांत लिहिलेला नाही. चित्रांचा नुसता क्रमच तो सांगतो.

चित्रातले वागणेही याला धरूनच आहे. आंद्रेस दे इस्लास याच्या 1774 च्या मालिकेत स्पॅनिश पुरुष आणि आफ्रिकी स्त्री यांचे चित्र स्वयंपाकघरातल्या मारामारीचे आहे. तिने त्याचे केस धरले आहेत, हातात स्वयंपाकाचे अवजार उगारले आहे आणि लहान मुलगी आईला ओढून थांबवू पाहते आहे. स्पॅनिश आणि इंडियन जोडप्याला असे भांडताना सहसा रंगवत नाहीत.

नावांची मुळेही हाच दर्जा सांगतात. ‘मेस्तिसो’ हा लॅटिनमधल्या ‘मिसळलेला’ या अर्थाच्या शब्दावरून आला. ‘मुलातो’ची व्युत्पत्ती बहुतेक जण ‘मुला’, म्हणजे खेचर, या शब्दावरून लावतात. 1611 च्या कोवार्रुबियास याच्या स्पॅनिश शब्दकोशातही खेचराशीच तुलना आहे. काही अभ्यासक मात्र अरबी ‘मुवल्लद’ हे मूळ मानतात.

ही चित्रे म्हणजे त्या काळची जनगणना किंवा कायदा, असे समजणे ही सर्वांत मोठी चूक. ‘तेन्ते एन एल आइरे’सारखी नावे चर्चच्या नोंदवह्यांत किंवा कोर्टाच्या कागदांत क्वचितच आढळतात. मालिकांचेही आपसांत जुळत नाही. काब्रेराकडे कोयोते हा मेस्तिसो आणि इंडियन स्त्री यांचा मुलगा आहे, दुसऱ्या मालिकांत तोच शब्द अगदी वेगळ्या जोडप्याच्या मुलासाठी येतो. कोणत्याही कचेरीला अशा शब्दांवर कारभार चालवता आला नसता.

कारभारात वापरले जाणारे शब्द मोजके होते : एस्पान्योल, इंदिओ, मेस्तिसो, कास्तिसो, मुलातो, नेग्रो आणि आणखी दोन-चार. माणसाच्या या दर्जाला ‘कालिदाद’ म्हणत. तो केवळ वर्णावर ठरत नसे. पोशाख, धंदा, बोलणे, नवरा किंवा बायको कोण, शेजारी काय म्हणतात, हे सगळे त्यात येई. म्हणून एकच माणूस बाप्तिस्म्याच्या वहीत मुलातो आणि लग्नाच्या वहीत मेस्तिसो असू शके. त्यात पैशाचाही प्रश्न होता. इंदिओ आणि स्वतंत्र मुलातो यांना राजाला खंडणी द्यावी लागे, मेस्तिसोंना ती माफ होती. उलट इंदिओ लोकांवर धर्मन्यायालयाचा अधिकार चालत नसे.

मेक्सिकोच्या स्वातंत्र्यलढ्यातले होसे मारिआ मोरेलोस हे याचे ठळक उदाहरण. त्यांच्या वंशात आफ्रिकी पूर्वज होते असे मानले जाते, पण 1765 च्या बाप्तिस्म्याच्या नोंदीत ते ‘एस्पान्योल’ आहेत. मुलातो म्हणून नोंद झाली असती तर पुढे पाद्री होणे त्यांना अवघड गेले असते. त्याच मोरेलोस यांनी 1813 मध्ये मांडलेल्या तत्त्वांच्या पंधराव्या कलमात गुलामगिरी आणि ‘कास्तां’चा भेद दोन्ही कायमचे बंद केले. माणसामाणसांत फरक करायचा तो दुर्गुण आणि सद्गुण यांवरूनच, असे ते कलम म्हणते.

सरकारने हा दर्जा विकायलाही काढला होता. 1795 च्या शाही दरपत्रकात ‘पार्दो’पणातून, म्हणजे आफ्रिकी मिश्रवंशाच्या दर्जातून, सूट मिळवण्याची किंमत 500 रेआल होती आणि ‘किन्तेरोन’साठी, म्हणजे आफ्रिकी वंशाचा अंश त्याहून कमी असलेल्यासाठी, 800. अर्ज मोजकेच मंजूर झाले. आजच्या व्हेनेझुएलातल्या काराकासमधल्या गोऱ्या सरदार मंडळींनी मात्र त्यालाही कडाडून विरोध केला.

ही चित्रे कोणी विकत घेतली, हाही प्रश्न महत्त्वाचा आहे. बरीचशी स्पेनला परतणारे अधिकारी घेऊन गेले. लुइस दे मेना याच्या साधारण 1750 च्या चित्रात वर मेक्सिकोत पूजली जाणारी ग्वादालुपेची माता मेरी, मध्ये कुटुंबे आणि तळाशी नावांसह स्थानिक फळे आहेत, म्हणजे हा देश इथे मिळणाऱ्या सगळ्या जिनसांसकट दाखवलेला आहे. पण मेक्सिकोतच जन्मलेल्या सगळ्याच गोऱ्यांना हे रुचले असे नाही. पुएब्लाचे विद्वान आंद्रेस दे आर्से इ मिरांदा यांनी 1746 मध्ये तक्रार केली की अशा चित्रांमुळे स्पेनमध्ये आपली बदनामी होते आणि आपण सगळेच मिश्र रक्ताचे आहोत असे तिकडे वाटते.

‘कास्ता’ हा शब्द आपल्याकडेही याच मार्गाने आला. पोर्तुगीजांनी तो भारतातल्या जातींना लावला आणि त्यावरूनच इंग्रजी ‘कास्ट’ झाला. सोळाव्या शतकातल्या गोव्यात मेस्तिसो म्हणजे पोर्तुगीज बाप आणि भारतीय आई यांचे मूल. ‘कास्तिसो’ मात्र इथे जन्मलेला, पण आई-बाप दोघेही पोर्तुगीज असलेला माणूस. मेक्सिकोत तोच शब्द तीन चतुर्थांश स्पॅनिश माणसासाठी होता. गोवा-कोचीनकडून मनिलामार्गे मेक्सिकोत विकल्या गेलेल्या गुलामांना तिथे ‘चिनो’ म्हणत, आणि चित्रांत हाच शब्द आफ्रिकी आणि मूळ अमेरिकन मिश्रणासाठी येतो.

स्वातंत्र्यानंतर 1822 मध्ये मेक्सिकोने नागरिकांची वंशावरून नोंद करण्यास मनाई केली. काब्रेराची मालिका विखुरली गेली आहे. आज तिच्यातली आठ चित्रे माद्रिदच्या अमेरिका संग्रहालयात आहेत, काही मेक्सिकोतल्या मॉन्तेर्रेमध्ये, आणि अल्बिना मुलीचे सहावे चित्र लॉस एंजेलिसच्या कलासंग्रहालयात.