साफ करणं आणि नव्याने लिहिणं

व्हॉइस नोटचं लिप्यंतर येतं, खाली दोनच शब्द असतात, 'क्लीन कर'. यातून दोन वेगळी कामं निघू शकतात. साफ करताना बोलण्यातला कचरा काढायचा आणि बोलणं बोलणाऱ्याचंच ठेवायचं. नव्याने लिहिताना मजकूर त्याचा असतो, पण वाक्यं तुमची. गोंधळ होतो, कारण दोन्ही कागद वाचायला सारखेच गुळगुळीत लागतात.

समजा, सोसायटीच्या टाकीचं काम करणारा ठेकेदार सेक्रेटरीला बोलून पाठवतो:

'हां तर म्हणजे ते टाकीचं काम ना ते मंगळवारी आपलं बुधवारी सुरू करू म्हणजे बहुतेक बुधवारीच माणसं दोन नाही तीन लागतील आणि पाणी पाणी अकरापर्यंत बंद ठेवावं लागेल बघा'

साफ केल्यावर: 'टाकीचं काम बहुतेक बुधवारीच सुरू करू. माणसं तीन लागतील. पाणी अकरापर्यंत बंद ठेवावं लागेल.'

नव्याने लिहिल्यावर: 'टाकीची सफाई बुधवारी होईल. सकाळी ११ पर्यंत पाणी बंद राहील, रहिवाशांनी पाणी भरून ठेवावे.'

दुसरं जास्त नीटनेटकं दिसतं, पण त्यात 'बहुतेक' गळलं, म्हणजे ठेकेदाराने न दिलेला शब्द त्याच्या माथी आला. काम सफाईचं की गळतीचं, हे तो बोललाच नव्हता. अकरा सकाळचे, हाही अंदाजच. पाणी भरून ठेवायचा सल्ला तर पूर्णच लिहिणाऱ्याचा. सेक्रेटरीने स्वतःच्या नावाने सूचना लावायची असेल, तर असं लिहायला हरकत नाही, पण ठेकेदाराला एकदा विचारून.

साफ करतानाही शब्द डोळे मिटून उडवता येत नाहीत. इथलं 'आपलं' भरतीचं नाही. त्याने आधीचा वार मागे घेतला आहे, म्हणून 'मंगळवारी' आणि 'आपलं' दोन्ही जातात. 'आपलं' तेवढं काढलंत तर कागदावर 'मंगळवारी बुधवारी' उरतं आणि काम दोन दिवसांचं वाटतं. दुसरं 'पाणी' नुसतं अडखळणं आहे, ते खुशाल काढा. पण कुणी 'परत परत सांगतोय' म्हणालं, तर ती द्विरुक्ती अर्थाचीच आहे.

सर्वांत फसवं 'दोन नाही तीन'. या लिप्यंतरात विरामचिन्हं नाहीत. तो 'दोन... नाही, तीन' म्हणाला की 'दोन नाहीतर तीन', हे कागदावरून कळत नाही. मजुरीचा हिशोब त्यावर असल्याने ऑडिओ ऐकायलाच हवा. वर मी 'तीन' लिहिलंय, ते 'नाही'च्या आधी तो थांबलाय असं धरून.

बोलीचंही तसंच. नागपूरकडचा माणूस 'येऊन राहिलो' म्हणाला, तर साफ करणाऱ्याने त्याचं 'येतोय' करू नये (हा मोह फार होतो).

नुसतं 'क्लीन कर' आलं आणि विचारायला कुणी नसेल, तर मी साफ प्रत पाठवतो आणि खाली एक ओळ जोडतो: 'बुधवार पक्का का? अकरा सकाळचेच ना?'