हरवलेले पत्र आणि चढत जाणारा पण
(संहिता-वाचनासाठी आमच्याकडे येणाऱ्या लेखकांसाठी माहितीपत्रक)

आमच्याकडे वाचनासाठी येणाऱ्या अनेक पटकथांमध्ये नायकाला काय हवे आहे हे पहिल्या दोन पानांतच स्पष्ट होते, मात्र ते मिळाले नाही तर त्याचे काय बिघडेल, म्हणजेच त्याचे काय पणाला लागले आहे, हा ‘पण’ शेवटपर्यंत जिथल्या तिथेच राहतो. या पत्रकात आम्ही तेवढ्याच दोषाचा विचार करणार आहोत आणि त्यासाठी एक साधे उदाहरण घेणार आहोत: एका स्त्रीने जुने कपाट विकले, आणि त्याच्या खणात तिच्या दिवंगत मैत्रिणीचे पत्र राहून गेले.

पहिल्या दृश्यात हे पत्र म्हणजे केवळ एक आठवण आहे. ते मिळाले नाही, तर तिला वाईट वाटेल, इतकेच. ही सुरुवात मुद्दाम लहान ठेवावी, कारण पहिल्याच दृश्यात कुणाचा जीव धोक्यात आणला, तर पुढे चढायला पायरीच उरत नाही. मात्र याच दृश्यात एक तपशील पेरून ठेवावा: पत्राचे दोन कागद आहेत, पहिला तिला तोंडपाठ आहे, आणि दुसऱ्याचा विषय निघाला की ती बोलणे बदलते.

दुसऱ्या दृश्यात तिला कळते की मैत्रिणीच्या मुलावर घरातील पैसे चोरल्याचा आरोप आहे. ते पैसे आईनेच त्याला दिले होते, हे त्या पत्रात लिहिलेले आहे आणि दुसरा कोणताही पुरावा नाही. आता प्रश्न तिच्या दुःखापुरता राहत नाही. तिच्या निष्काळजीपणाची किंमत दुसरे कुणीतरी मोजणार आहे. तिसऱ्या दृश्यात ती कपाट घेणाऱ्याकडे जाते, तर त्याने ते एका सुताराला दिलेले असते आणि सुतार उद्या सकाळी ते मोडून लाकूड वेगळे करणार असतो. ही मुदत कथेच्या आतून आली आहे, कारण कपाट विकले तेव्हाच तिची सुरुवात झाली होती. याउलट, कारण नसताना अचानक सुटणारी शेवटची गाडी किंवा वादळ आणले, की घाई लेखकाला आहे, पात्राला नाही, हे वाचकाच्या लगेच लक्षात येते.

चौथे दृश्य आम्हाला सर्वांत महत्त्वाचे वाटते. रात्री सुताराच्या कारखान्यात तिला पत्र सापडते. मुलाला निर्दोष ठरवणारी ओळ पहिल्या कागदाच्या तळाशी सुरू होते आणि दुसऱ्या कागदावर पूर्ण होते. त्याच कागदावर, त्याच परिच्छेदात, तिने स्वतः पूर्वी केलेल्या एका विश्वासघाताचा उल्लेख आहे. पत्र दाखवावे तर तिचे घर मोडेल, लपवावे तर मुलगा अडकेल. येथे धोका बाहेरून वाढलेला नाही. जे मिळवण्यासाठी ती धावत होती, तेच हाती आल्यावर महाग पडते, आणि पहिल्या दृश्यातील पेरणी येथे उगवते.

हा चढ कागदावर तपासण्याची एक सोपी रीत आहे. प्रत्येक दृश्याच्या समासात ‘आत्ता पत्र मिळाले नाही तर...’ हे वाक्य पूर्ण करून लिहावे. लागोपाठच्या दोन दृश्यांत एकच उत्तर आले, तर ती दृश्ये एकत्र करावीत किंवा त्यांपैकी एक गाळावे. नायिका तीन घरी विचारते आणि तिन्ही घरी ‘येथे नाही’ असे ऐकते, अशी मालिका कच्च्या खर्ड्यांत वारंवार दिसते. तेथे शोध लांबतो, मात्र पण वाढत नाही. दुसरी कसोटी अदलाबदलीची: दोन दृश्यांचा क्रम बदलूनही काहीच बिघडत नसेल, तर पहिल्या दृश्याने दुसऱ्यावर काहीही लादलेले नाही असे समजावे. आपल्या उदाहरणात तिसरे दृश्य दुसऱ्याच्या आधी घेतले, तर सुताराची मुदत केवळ एक गैरसोय ठरते.

प्रत्येक दृश्य आधीच्यापेक्षा कर्कश हवे, असा याचा अर्थ कृपया घेऊ नये. तिसऱ्या आणि चौथ्या दृश्याच्या मध्ये ती त्या मुलाशेजारी काही वेळ बसते आणि तो तिच्यावर पूर्ण विश्वास असल्याचे सांगतो, एवढे शांत दृश्यही पण वाढवते. कारण यानंतर मागे फिरणे तिला अधिक कठीण जाते. दहा मिनिटांच्या लघुपटात मात्र या सर्व पायऱ्या मावणार नाहीत. तेथे दुसरे आणि चौथे दृश्य ठेवून मुदत एका संवादात उरकावी.

संहिता आमच्याकडे पाठवताना समासातील ही वाक्ये खोडू नयेत. चढ कोणत्या दृश्यापाशी थांबला, हे आम्ही सर्वप्रथम त्यांवरूनच पाहतो आणि अभिप्रायही त्याच दृश्यापासून लिहायला घेतो.